२५०० ‘पर्यंत’ म्हणजे २५०० धरून की सोडून? एका चिन्हाने बिलात ३२५ रुपयांचा फरक कसा पडतो

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले होते. मी ज्या टीममध्ये काम करतो ती कपड्यांच्या दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवते. आदल्या रात्री आम्ही नवे दर टाकले, टेस्ट केल्या, सगळं हिरवं दिसलं आणि झोपलो. सकाळी साडेअकराला एका दुकानाच्या मॅनेजरांचा फोन आला.

“अहो, हे काय चाललंय? टॅगवर २९१२ आहे आणि तुमचं मशीन बिल काढतंय २९५०. समोर ताई उभ्या आहेत, त्या म्हणतायत की कपडे स्वस्त झाले ना आजपासून?”

ताई बरोबर होत्या. बिल व्हायला हवं होतं २६२५ रुपये. मशीन ३२५ रुपये जास्त मागत होतं. चूक दुकानाची नव्हती, सरकारचीही नव्हती. ती माझी होती आणि एका चिन्हाची होती. मी `<=` लिहायच्या जागी `<` लिहिलं होतं.

‘पाच ते दहा’, ‘सोमवार ते शुक्रवार’, ‘अमुक रकमेपर्यंत’ असं आपण दिवसभर बोलतो आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मग काही ठिकाणी शेवटचा आकडा धरायचा की सोडायचा यावरून एवढा गोंधळ का होतो? नव्या जीएसटीच्या निमित्ताने हे नीट बघू. तुम्ही ऑनलाइन कपडे किंवा बूट घेत असाल, तर तुमच्या बिलाशी याचा थेट संबंध आहे.

नियम नेमका काय आहे

जीएसटी कौन्सिलची ५६वी बैठक ३ सप्टेंबर २०२५ ला झाली. त्यात १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून मुख्यतः ५ आणि १८ असे दोनच ठेवायचं ठरलं. काही मोजक्या वस्तूंसाठी ४० टक्के. तयार कपड्यांपुरता बदल असा:

आधी: नगाची किंमत १००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १२ टक्के.

आता: नगाची किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के.

बातम्यांमध्ये हे वेगवेगळ्या शब्दांत आलं. कुणी ‘२५०० च्या आतले कपडे’ लिहिलं, कुणी ‘२५०० पेक्षा कमी’, कुणी ‘२५०० पर्यंत’. ऐकताना तिन्ही सारखेच वाटतात. पण बरोबर २५०० रुपयांचा कुर्ता समोर ठेवा आणि परत वाचा. ‘पेक्षा कमी’ मध्ये तो बसत नाही. ‘पर्यंत’ मध्ये बसतो. ‘च्या आत’ मध्ये बसतो की नाही यावर चार जणांत वाद होईल.

सरकारी अधिसूचनेची भाषा मात्र वाद ठेवत नाही. तिथे मर्यादा ‘not exceeding Rs. 2500 per piece’ अशी सांगितली आहे. म्हणजे २५०० च्या वर न जाणारी. बरोबर २५०० ही किंमत २५०० च्या वर गेलेली नाही, म्हणून तिला ५ टक्केच. २५०० रुपये १ पैसा झाली की १८ टक्के.

मी बातमी वाचून कोड लिहिला होता, अधिसूचना वाचून नाही. कोड असा होता:

```python
def gst_rate(price):
    if price < 2500:
        return 5
    return 18
```

मी टेस्ट केल्या होत्या २००० आणि ३००० वर. दोन्ही बरोबर आल्या. येणारच होत्या, कारण तिथे `<` आणि `<=` एकच उत्तर देतात. दोघांचं भांडण फक्त एका आकड्यावर आहे, आणि तो आकडा मी तपासलाच नव्हता.

‘बरोबर २५०० चे कपडे असतात कितीसे?’

मी माझ्या टीम लीडला हेच म्हणालो. हजारो किमतींमधली एक किंमत चुकली, दोन-चार बिलं असतील. तिने डेटाबेस उघडून दाखवला. त्या दुकानात बरोबर २५०० मूळ किमतीचे कपडे ढिगाने होते. एका आठवड्यापूर्वी जेमतेम चार-पाच प्रकार होते.

काय झालं होतं बघा. फोनवरच्या ताईंचा कुर्ता आधी २६०० रुपये मूळ किमतीचा होता. जुना १२ टक्के कर धरून टॅग २९१२ चा. नव्या नियमात २६०० वर १८ टक्के लागले असते, म्हणजे ३०६८. सणाच्या तोंडावर कपडा महाग करणं दुकानदाराला परवडणारं नव्हतं. मग त्याने हिशेब केला: मूळ किंमत १०० रुपयांनी उतरवून २५०० केली की कर ५ टक्के होतो आणि गिऱ्हाईकाला कुर्ता २६२५ ला मिळतो. दुकानाचे गेले १००, गिऱ्हाईकाचे वाचले ४४३. कुणीही शहाणा दुकानदार हेच करेल. त्याने २५५०, २५८०, २६०० च्या सगळ्या मालाची किंमत सरळ २५०० करून टाकली.

म्हणजे नियमाच्या रेषेनेच माल रेषेवर आणून ठेवला होता. जिथे एका रुपयाने खूप फरक पडतो, तिथे लोक बरोबर त्या रेषेला टेकून उभे राहतात. त्यामुळे ‘टोकाचा आकडा क्वचितच येतो’ हे गृहीत धरणंच चूक. अशा रेषेवर तोच आकडा सगळ्यात जास्त येतो.

दुरुस्ती एका मिनिटाची होती, `<` च्या जागी `<=`. तोवर ११ बिलं निघाली होती. प्रत्येकी ३२५ प्रमाणे ३५७५ रुपये परत करायचे, प्रत्येक बिलाची क्रेडिट नोट काढायची, ११ जणांना फोन करून बोलवायचं. फोन दुकानातल्या मुलांनी केले. आणि लोकांना वाटलं की दुकानदारानेच फसवलं. हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

आता आमच्या टेस्टमध्ये मर्यादेचा आकडा, त्याच्या एक पैसा खालचा आणि एक पैसा वरचा, असे तीन आकडे सक्तीचे आहेत: २४९९.९९, २५०० आणि २५००.०१. उत्तरं ५, ५, १८ अशीच यायला हवीत.

टोक कधी महत्त्वाचं आणि कधी नाही

प्रत्येक रेषेवर असंच होतं का? नाही. आयकराचं उदाहरण घ्या.

२०२५-२६ साठी नव्या कर पद्धतीत ४ लाखांपर्यंत शून्य आणि ४ ते ८ लाखांवर ५ टक्के आहे. आता बरोबर ४ लाख उत्पन्न असेल तर कोणत्या टप्प्यात धरायचं? कोणत्याही धरा, कर शून्यच येतो. कारण इथे ५ टक्के फक्त ४ लाखांच्या वरच्या रकमेवर लागतात. उत्पन्न ४ लाख १०० रुपये झालं तर कर १०० रुपयांवर, म्हणजे ५ रुपये. रेषा ओलांडताना धक्का बसत नाही. हा चढ आहे. चढ नेमका कोणत्या पावलाला सुरू झाला, पायाला कळत नाही.

कपड्यांचा जीएसटी तसा नाही. २५०० च्या वर गेलात की १८ टक्के संपूर्ण किमतीवर लागतात, फक्त वरच्या रकमेवर नाही. २५०० चा कुर्ता २६२५ ला. २५०१ चा कुर्ता २९५१ रुपये १८ पैशांना. मूळ किंमत एका रुपयाने वाढली, बिल ३२६ रुपयांनी. हा कडा आहे. कड्यावर उभं असताना पाऊल रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर सगळं ठरतं.

आयकरातही एक कडा तयार झाला असता. १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर ६० हजारांचा पूर्ण कर माफ होतो. हे असंच ठेवलं असतं, तर १२ लाख १ रुपया कमावणाऱ्याला एका रुपयासाठी ६० हजार भरावे लागले असते. म्हणून तिथे ‘मार्जिनल रिलीफ’ दिला आहे: १२ लाखांच्या वर जेवढे कमावले, त्यापेक्षा कर जास्त घ्यायचा नाही. १२ लाख १० हजार असतील तर टप्प्यांप्रमाणे कर येतो ६१,५००, पण द्यायचा फक्त १०,०००. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हा आधार पुरतो. हे आकडे सेस सोडून आहेत. म्हणजे कड्याला उतार जोडून दिला आहे.

कपड्यांच्या जीएसटीला असा उतार नाही. म्हणून नियम वाचताना आधी हा प्रश्न विचारावा: रेषा ओलांडल्यावर पुढचा दर फक्त वरच्या भागाला लागतो की सगळ्यालाच? फक्त वरच्या भागाला लागत असेल तर टोक धरा किंवा सोडा, उत्तर बदलत नाही. सगळ्याला लागत असेल तर टोकाचा शब्द शोधून काढा.

कोणता आकडा रेषेशी ताडायचा?

इथे ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांची गंमत होते. अॅपवर दिसणारी किंमत कर धरून असते. एमआरपीसुद्धा कर धरूनच असते. पण २५०० ची रेषा कर सोडून जी किंमत उरते तिच्याशी ताडायची असते.

म्हणून अॅपवर २५९९ दिसणारा शर्ट १८ टक्क्यांत जात नाही. २५९९ ला १.०५ ने भागा, मूळ किंमत २४७५ रुपये २४ पैसे येते. ती २५०० च्या आतच आहे, म्हणून कर ५ टक्के. अॅपवरच्या किमतीत ही रेषा २६२५ वर येते. आणि रेषा नगामागे आहे, बिलामागे नाही. १५०० चे दोन शर्ट एकत्र घेतले आणि बेरीज ३००० झाली तरी दोन्हींना ५ टक्केच.

आता २७९९ चा शर्ट घ्या आणि कर किती ते काढून बघा.

५ टक्के धरू. २७९९ भागिले १.०५ म्हणजे मूळ किंमत २६६५.७१. ही २५०० च्या वर आहे, म्हणजे कर ५ नाही, १८ टक्के हवा.

बरं, १८ धरू. २७९९ भागिले १.१८ म्हणजे मूळ किंमत २३७२.०३. ही २५०० च्या खाली आहे, म्हणजे कर १८ नाही, ५ टक्के हवा.

परत पहिल्या पायरीवर आलो. गणित चुकलेलं नाही. या किमतीला नियमात बसणारं उत्तरच नाही. मूळ किंमत २५०० किंवा कमी असेल तर कर धरून जास्तीत जास्त २६२५ होतात. मूळ किंमत २५०० च्या वर असेल तर कर धरून २९५० च्या वरच जातात. मधली जागा रिकामी आहे. २६२५ च्या वरची आणि २९५० पर्यंतची कोणतीही किंमत नियमाप्रमाणे तयारच होऊ शकत नाही.

या रिकाम्या जागेचीही टोकं बघा. २६२५ जमते, कारण ती २५०० वर ५ टक्के आहे. बरोबर २९५० जमत नाही, कारण ती २५०० वर १८ टक्के झाली आणि २५०० ला १८ टक्के लागतच नाहीत. म्हणजे एक टोक चालतं, दुसरं नाही.

जुन्या नियमातही अशी जागा होती, १०५० ते ११२० च्या मध्ये. पण ती ७० रुपयांची फट होती, आता ३२५ रुपयांची दरी झाली आहे. आणि सेलमधल्या सवलती नेमक्या तिच्यात जाऊन पडतात. २९९९ चा ड्रेस आहे, त्याची मूळ किंमत २५४१.५३, कर १८ टक्के, सगळं ठीक. विक्रेत्याने ४०० चं कूपन दिलं, किंमत २५९९ झाली, कर ५ टक्के, तेही ठीक. पण कूपन ३०० चं असेल तर किंमत होते २६९९, आणि तो ड्रेस थेट दरीत. अशा वेळी विक्रेत्याने किंमत २६२५ वर उतरवणं हाच सरळ मार्ग. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय केली नसेल तर ते कुठलातरी एक दर धरून मोकळं होतं.

हे तुम्ही स्वतः ओळखू शकता. अॅपमध्ये ऑर्डर उघडा, इन्व्हॉइस डाउनलोड करा. त्यात करपात्र मूल्य, म्हणजे टॅक्सेबल व्हॅल्यू, आणि कराचा दर वेगळे दिलेले असतात. महाराष्ट्रातल्या विक्रेत्याकडून घेतलं असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन अर्धे दिसतील, बाहेरच्या राज्यातून आलं असेल तर एकच आयजीएसटी. नगामागे टॅक्सेबल व्हॅल्यू २५०० किंवा त्याहून कमी आहे आणि कर एकूण १८ टक्के लावलाय, तर ते बिल चुकलं आहे. २७९९ च्या शर्टाच्या बिलात ‘टॅक्सेबल २३७२.०३, कर ४२६.९७’ असं दिसलं, तर तीच खूण.

एक सावधगिरी. विक्रेत्याने बिलावरच दिलेली सवलत मूळ किंमत कमी करते. बँकेच्या कार्डावरची सवलत तसं करत नाही. तुमच्या वाटचे ३०० रुपये बँक भरते, विक्रेत्याला पूर्ण पैसे मिळतात, म्हणून कर पूर्ण किमतीवरच लागतो. तुमच्या खिशातून २६९९ गेले तरी बिल २९९९ चं असेल आणि त्यावर १८ टक्के असतील, तर ते बरोबर आहे.

तोच आकडा, पण टोक पलटलेलं

मर्यादेचा आकडा तोच राहून फक्त टोक बदलल्याचंही उदाहरण आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हॉटेलच्या खोलीला सर्वांत वरचा २८ टक्क्यांचा दर ‘७५०० रुपये आणि त्याहून जास्त’ भाड्याला होता. म्हणजे बरोबर ७५०० ची खोली वरच्या दरात. १ ऑक्टोबर २०१९ पासून दर बदलले आणि भाषाही बदलली: ७५०० किंवा त्याहून कमी भाड्याला खालचा दर, त्याच्या वर गेलं तर वरचा. आता बरोबर ७५०० ची खोली खालच्या दरात आली. ज्याने कोडमध्ये फक्त टक्के बदलले आणि `<` तसंच ठेवलं, त्याची खोली चुकीच्या बाजूला राहिली. नियम बदलला की आकड्याबरोबर शब्दही परत वाचायला लागतात, तो यासाठी.

तारखांचं टोक वेगळं का वागतं

माझी दुसरी चूक त्याच आठवड्यातली. दुकानाच्या मालकांना ‘सोमवार ते रविवार’ विक्रीचा रिपोर्ट हवा होता, २२ ते २८ सप्टेंबर. बोलण्यात काही संदिग्ध नाही. सोमवार ते शुक्रवार ऑफिस म्हटलं की शुक्रवारी सुट्टी आहे असं कुणी समजत नाही. मी सरळ लिहिलं:

```sql
SELECT SUM(amount) FROM bills
WHERE bill_time BETWEEN '2025-09-22' AND '2025-09-28'
```

`BETWEEN` दोन्ही टोकं धरतं, हे मला माहीत होतं. तरी रिपोर्टमध्ये रविवारची विक्री जवळपास शून्य आली. मालक म्हणाले, “अहो, रविवारी तर पाय ठेवायला जागा नव्हती दुकानात.”

झालं असं की आपल्या डोक्यात ‘२८ तारीख’ म्हणजे अख्खा दिवस, चोवीस तासांचा एक ठोकळा. पण `bill_time` मध्ये तारखेबरोबर वेळही होती. अशा ठिकाणी नुसतं `'2025-09-28'` लिहिलं की डेटाबेस त्याचा अर्थ २८ तारखेचे रात्रीचे बारा असा घेतो. म्हणजे रविवार जिथे सुरू होतो तो क्षण. मी टोक धरलं खरं, पण ते ठोकळ्याचं नाही, एका क्षणाचं. सकाळी दहाला उघडलेल्या दुकानाचं एकही बिल त्यात बसलं नाही.

मग `'2025-09-28 23:59:59'` लिहिलं तर? बरेच जण तसं लिहितात. पण वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदली जात असेल, तर त्या शेवटच्या सेकंदातली बिलं गळतात. आणि २९ चे रात्रीचे बारा धरून लिहिलं, तर बरोबर बाराचं बिल या आठवड्यातही येतं आणि पुढच्या आठवड्यातही. म्हणून आम्ही लोक असं लिहितो:

```sql
WHERE bill_time >= '2025-09-22'
  AND bill_time <  '2025-09-29'
```

सुरुवात धरायची, शेवट सोडायचा. शेवट म्हणून पुढच्या आठवड्याची सुरुवात द्यायची. आता एका आठवड्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकच क्षण आहे आणि तो फक्त दुसऱ्यात मोजला जातो. ना बिल गळतं, ना दोनदा येतं. शिवाय २९ वजा २२ बरोबर ७, दिवस मोजताना ‘अधिक एक’ करायची आठवण ठेवावी लागत नाही.

कायद्याचीही रीत अशीच आहे, हे मला नंतर कळलं. १८९७ चा जनरल क्लॉजेस अॅक्ट सांगतो की वेगळं काही म्हटलं नसेल, तर केंद्रीय कायदा आदला दिवस संपताक्षणी लागू होतो. म्हणजे सुरुवातीचं टोक धरलेलं. २१ तारीख संपली की लगेच नवा काळ सुरू, मध्ये फट नाही आणि दोन दर एकाच क्षणी नाहीत.

फक्त बारा कुणाचे, तेवढं बघावं लागतं. बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. भारतातली २२ सप्टेंबरची मध्यरात्र म्हणजे सर्व्हरवर २१ तारखेची संध्याकाळचे साडेसहा. कोडमध्ये नुसतं ‘२२ तारखेपासून’ लिहिलं असतं, तर नवा दर आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागला असता. रात्री बारानंतर मोबाइलवर ऑर्डर करणाऱ्यांना साडेपाच तास जुना कर. हे मात्र आम्ही आधीच पकडलं होतं, त्याचं श्रेय माझ्या टीम लीडला.

आता बिलाकडे बघताना

किमतीच्या नियमात सरकारने वरचं टोक धरलं: २५०० पर्यंत, २५०० धरून. तारखेच्या नियमात सुरुवातीचं टोक धरलं: २२ पासून, २२ धरून. दोन्ही ठिकाणी टोक नियमाच्या शब्दात ठरलेलं आहे, फक्त बातमीत येईपर्यंत तो शब्द घासून गुळगुळीत होतो.

तुम्ही २२ सप्टेंबर २०२५ नंतर २३०० ते ३००० च्या दरम्यान काही कपडे किंवा बूट ऑनलाइन घेतले असतील (बुटांच्या जोडीलाही हीच २५०० ची रेषा आहे), तर एकदा इन्व्हॉइस उघडून बघा. टॅक्सेबल व्हॅल्यू २५०० किंवा कमी आणि कर १८ टक्के दिसला, तर त्याचा स्क्रीनशॉट काढून विक्रेत्याला पाठवा आणि फरक परत मागा. बहुधा कुणी मुद्दाम फसवलेलं नसेल. कुठेतरी माझ्यासारख्याच कुणीतरी टेस्ट २००० आणि ३००० वर केली असेल.

आणि हो, वर मी ‘२३०० ते ३००० च्या दरम्यान’ म्हटलं. तिथे टोकं धरा किंवा सोडा, काही बिघडत नाही. तिथे कडा नाही.